सोमवारी भिजवलेले मूग

बी उगवण्याचा पाठ कोणत्या वारी सुरू करायचा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण प्राथमिक शाळेत आठवडाभर रोज नोंदी ठेवायच्या असतील, तर निम्मा पाठ याच निर्णयावर तरतो किंवा बुडतो. मूग भिजत घातल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत मोड बाहेर पडतो आणि पुढचे दोन दिवस बदल फार वेगाने होतात. शनिवारी मूग भिजवले, तर हा सगळा काळ रविवारच्या सुट्टीत जातो आणि सोमवारी वर्गात आलेल्या मुलांना एकदम लांबलचक मुळं दिसतात. दाणा फुगला कधी, साल फाटली कधी, टोक बाहेर आलं कधी, यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं. बुधवारी भिजवले, तर मोड दिसतो, पण पहिली पानं उघडायची वेळ सुट्टीत येते. म्हणून सोमवार, आणि तोही पुढे शनिवारपर्यंत मध्ये एकही सुट्टी नसलेला. आषाढी, मोहरम, स्थानिक जत्रा, केंद्रावरची शिक्षण परिषद हे सगळं कॅलेंडरवर पाहून मगच आठवडा ठरवायचा.

पुणे जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेणाऱ्या बाईंची ही आखणी. जुलैतल्या त्या आठवड्यात त्यांच्या वर्गात बसून मी ती पाहिली. बी उगवण्याचे प्रयोग बहुतेक शाळांमध्ये होतात. वाटीत कापूस, कापसावर मटकी, खिडकीत वाटी, आणि आठ दिवसांनी वहीत एक चित्र. या वर्गात वेगळं होतं ते एवढंच, की बाईंनी आधी नोंदीचा कागद तयार केला आणि मग त्या कागदाला सोयीचं पडेल असं बियाणं, भांडं आणि जागा निवडली. त्या म्हणाल्या, “दाणे काय, उगवतातच. मुलांनी रोज काय बघायचं आणि ते कसं मोजायचं, हे आधी नाही ठरवलं तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य येतं, ‘मोड मोठा झाला’.”

मूग निवडण्यामागे कारण होतं. पावसाळ्यातल्या उबदार हवेत तो लवकर उगवतो, आठवड्यात पानांपर्यंत पोचतो आणि किराणा दुकानात सहज मिळतो. हरभरा रब्बीचा, त्याला थंडी मानवते. डिसेंबरात, रात्री गारठा पडत असताना हाच पाठ घ्यायचा, तर मूग रेंगाळतो आणि हरभरा किंवा गहू बरा. मोहरी फार बारीक, तिसरीच्या मुलाला तिचं मूळ नीट दिसत नाही. घेवडा मोठा आणि सुरेख, पण त्याला आठवड्याहून जास्त वेळ लागू शकतो.

कृषी सेवा केंद्रातल्या पिशवीतलं बियाणं मात्र वर्गात आणायचंच नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी, लाल किंवा हिरवट दिसतं, आणि मुलांचे हात तोंडात जातात. मूग खाण्याचेच घ्यायचे, सालीसकट, अख्खे. ज्या पिशवीतले दाणे मुलांना द्यायचे, त्याच पिशवीतले थोडे दाणे बाईंनी आधीच्या आठवड्यात घरी लावून पाहिले होते. जुने किंवा कीड लागलेले मूग अर्धेही उगवत नाहीत, आणि ते वर्गात कळलं तर आठवडा वाया जातो. शिवाय आपल्या गावच्या हवेत मोड किती तासांत येतो हे अशा तालमीतूनच कळतं. पुस्तकातला आकडा पुस्तकातल्या हवेचा असतो.

भांड्यावर बाईंनी बराच विचार केला होता. कापूस त्यांनी बाद केला, कारण मुळं त्यात गुंततात आणि मोजायला बाहेर काढली की तुटतात. शिवाय कापूस पाणी धरून बसतो, दाण्याला हवा मिळत नाही आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मातीत लावलं तर मूळ दिसतच नाही. म्हणून त्यांनी एक लिटरच्या, गुळगुळीत अंगाच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. बाटली तळापासून वीतभर उंचीवर कापायची आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची. आत जुन्या सुती धोतराचं ओलं फडकं बाटलीच्या भिंतीला लागून गोल बसवायचं आणि मधल्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, म्हणजे फडकं भिंतीला दाबलेलं राहतं. फडकं आणि भिंत यांच्यामध्ये वरच्या कडेपासून चार बोटं खाली दहा मूग अंतराअंतरावर सरकवायचे. तळाशी बोटाच्या एका पेराएवढं पाणी ठेवायचं. फडकं ते वर ओढून घेतं, त्यामुळे दाणे ओले राहतात पण पाण्यात बुडत नाहीत.

बाटलीवर बाहेरून मार्करने दोन गोष्टी लिहायच्या. प्रत्येक दाण्याशेजारी त्याचा नंबर, १ ते १०. आणि सगळ्या दाण्यांच्या मधून जाणारी एक आडवी रेघ. ही रेघ कशासाठी, हे मला सोमवारी कळलं नव्हतं, शुक्रवारी कळलं.

वर्गात सत्तावीस मुलं, सहा गट. प्रत्येक गटाची एक बाटली, म्हणजे एकूण साठ मूग. याशिवाय बाईंच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत हरभरे होते. दुसरीत मूगच, पण तिच्यावर काळ्या कागदाची टोपी, नोंदीपुरती काढायची आणि लगेच घालायची. प्रत्येक गटात रोज एकच मूल पाणी घालणार आणि तेही बाटलीच्या बुचाने मोजून, दोन बुचं. हा नियम नसेल तर प्रेमापोटी प्रत्येक मूल पाणी घालतं आणि बुधवारपर्यंत दाणे बुडतात.

नोंदीचा कागद साधा होता. वर वार, तारीख आणि वेळ. खाली तीन भाग. पहिल्यात एका ठरलेल्या दाण्याचं चित्र, प्रत्येक मुलाचा दाणा वेगळा, दाणा आहे तेवढ्याच आकाराचं. दुसऱ्यात आकडे: दहापैकी किती फुगले, किती फाटले, किती मोडावर आले आणि माझ्या दाण्याचं मूळ किती लांब. तिसऱ्यात एक वाक्य, उद्या काय दिसेल. रोजचा कागद वेगळा होता आणि कालचा कागद बाई संध्याकाळी गोळा करून घेत. कालचं चित्र समोर असलं की मूल दाणा बघत नाही, कालच्या चित्राला थोडी शेपूट लावतं.

सोमवारी सकाळी मुलांनी कोरड्या मुगाचं चित्र काढलं. कोरड्या दाण्यात बघण्यासारखं काय, असं वाटेल. पण पांढरा डोळा कुठे आहे, तो लांबट आहे की गोल, हे सोमवारी पाहिलं नाही तर मोड कुठून आला हे मंगळवारी सांगता येत नाही. मग मूग भिजत घातले आणि शाळा सुटायच्या आधी बाटल्यांमध्ये सरकवले. भिजलेला दाणा कोरड्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा होतो. तिसऱ्या गटाच्या बाटलीत ७ नंबरचा मूग मात्र सकाळी होता तसाच होता, बारीक आणि टणक. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

मंगळवारच्या पाऊण तासात या पाठातली सगळ्यात अवघड गोष्ट घडली. बहुतेक दाणे फुगले होते, काहींची साल डोळ्याजवळ फाटली होती आणि तीन-चार दाण्यांतून दोन-तीन मिलिमीटरचं पांढरं टोक डोकावत होतं. एवढंच. पण पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हिरवा खडू घेऊन तिच्या दाण्यावर दोन पानं काढली. तिने खोटं काढलं नव्हतं. पुस्तकातलं चित्र तिच्या डोळ्यांत होतं, आणि अंकुर म्हणजे पानं हे तिला ठाऊक होतं. बाईंनी चूक म्हटलं नाही. बाटली तिच्या समोर धरून एवढंच विचारलं, “यातलं हिरवं काय काय आहे, मला बोट लावून दाखव.” मुलीने दाण्याच्या सालीवर बोट ठेवलं. मग टोकाकडे पाहिलं. मग खोडरबर घेतलं. बाहेर येणारं पहिलं टोक मुळाचं असतं, खोडाचं नाही, ही गोष्ट मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते, कारण उसळीच्या पातेल्यात आपण मोडाची दिशा पाहत नाही. बाटलीत ती दिसते. डोळा वर असो, खाली असो की बाजूला, टोक वळून खालीच जातं.

याच दिवशी एका मुलाने कागदावर लिहिलं, ‘काहीच झालं नाही.’ बाईंनी त्यात एक दुरुस्ती सांगितली. ‘मूळ दिसत नाही, साल फाटलेली नाही, दाणा कालएवढाच फुगलेला आहे’ असं लिहायचं. ही तीन वाक्यं दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतात. ‘काहीच नाही’ या नोंदीशी कशाचीच तुलना करता येत नाही.

बुधवारी मोजणी सुरू झाली. मुळं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची झाली होती. तिसरीतली बरीच मुलं पट्टीवर १ या आकड्यापासून मोजतात, कारण मोजायला एकापासून सुरुवात करायची ही सवय पक्की असते. त्यामुळे प्रत्येक मूळ एक सेंटिमीटर जास्त लांब भरतं. दुसरी अडचण मूळ वाकडं असण्याची. बाईंकडे यावर दोरा होता. ओला शिवणाचा दोरा बाटलीच्या बाहेरून मुळाच्या वळणावर चिकटवायचा, दोन्ही टोकांना पेनाने खूण करायची, दोरा सरळ करून पट्टीच्या शून्यावर धरायचा आणि वाचायचं. दाण्याला हातही लागत नाही. पहिल्या दिवशी हे जमायला फार वेळ गेला आणि परिपाठाच्या मागचा तास सगळा त्यातच संपला. गुरुवारी तेच काम निम्म्या वेळात झालं. आखणी करताना बुधवारचा वेळ म्हणूनच मोकळा ठेवायचा.

गुरुवारी एका गटात घबराट झाली. “बाई, आमच्या मुळांना बुरशी आली!” मुळांवर खरोखरच पांढरी, मऊ लव दिसत होती. शिक्षकही इथे फसतात आणि बाटली धुऊन टाकतात. पण ही मूळरोमं असतात, पाणी शोषून घेणारे बारीक केस, आणि दमट हवेत ती डोळ्यांना स्पष्ट दिसतात. फरक ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. मूळरोमं फक्त मुळावर असतात, टोकाच्या थोडी मागे, चहूबाजूंनी सारखी. पाणी शिंपडलं की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होतात आणि वास कसलाच येत नाही. बुरशी दाण्याच्या सालीपासून सुरू होते, फडक्यावर पसरते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, तिच्यात राखाडी-काळे ठिपके येतात आणि पाण्याने ती नाहीशी होत नाही. त्या गटात प्रत्यक्षात दोन्ही होतं. आठ मुळांवर रोमं होती, आणि ४ नंबरचा मूग फुगलेला, बुळबुळीत झालेला आणि बुरशी धरलेला. तो बाईंनी काडीने उचलून टाकला, कागदावर मात्र त्याची ओळ राहिली: ‘फुगला, मोड नाही, सडला.’

हा ४ नंबरचा मूग आणि पहिल्या दिवसापासून टणक राहिलेला ७ नंबरचा, दोघेही ‘न उगवलेले’. पण दोघांची गोष्ट वेगळी आहे. पाणी शोषून फुगायला दाणा जिवंत असावा लागत नाही, उकडलेला मूगसुद्धा फुगतो. ४ नंबरच्या आत जीव नव्हता, त्यामुळे पाणी शिरल्यावर तो कुजला. ७ नंबरच्या सालीतून पाणी आत गेलंच नव्हतं. घरोघरी उसळीत असा एखादा गणंग दाताखाली येतो, शिजवूनही न शिजलेला. कडधान्यांच्या काही दाण्यांची साल इतकी घट्ट असते, आणि रानात ती त्या जातीच्या कामी येते, कारण सगळे दाणे एकाच पावसात उगवून एकाच उघडिपीत मरत नाहीत. बाईंनी गुरुवारी तो मूग काढून मुलांसमोर खडबडीत फरशीवर डोळ्याच्या विरुद्ध बाजूने हलकेच घासला आणि परत ठेवला. शुक्रवारी तो फुगला. पुढच्या सोमवारी त्याला दोन सेंटिमीटरचं मूळ होतं. शाळेतल्या अंकुरणाच्या प्रयोगात मला सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल, तर ते हे. न उगवलेला दाणा सहसा फेकला जातो, आणि ‘का नाही उगवला’ हा प्रश्नही त्याच्याबरोबरच जातो.

शुक्रवारी रेघ कामाला आली. मुगाचं खोड सरळ वर येत नाही. आधी मान वाकवून वर येतं आणि मग ती मान सरळ होताना दाण्याची दोन्ही दलं ओढून वर नेते. म्हणजे दाणाच जागा सोडतो. ज्या मुलांनी मूळ दाण्यापासून खाली मोजलं, त्यांचं मूळ एका रात्रीत भलतंच लांब झालं. रेघेपासून मोजणाऱ्यांना मात्र दोन वेगळे आकडे मिळाले, रेघेखाली मूळ आणि रेघेवर खोड. खोड आणि मूळ नेमकं कुठे जुळतं हे चौथीच्या मुलाला सांगता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. पाठभर न हलणारी एक जागा मात्र हवी.

त्याच वेळी मुलांचं लक्ष टेबलावरच्या हरभऱ्यांकडे गेलं. त्यांचं मूळ चांगलं जाड झालं होतं, कोंबही वर निघाला होता, पण दाणे रेघेवरच होते. “हरभऱ्याची डाळ वर का नाही आली?” हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि मग वर्गच विचारू लागला. मुगात दलांच्या खालचा भाग लांबतो, त्यामुळे दलं वर उचलली जातात. हरभऱ्यात दलांच्या वरचा भाग लांबतो, दलं जागेवरच राहतात. चवळी, उडीद, मेथी मुगासारखे, तर वाटाणा, मसूर, तूर हरभऱ्यासारखे. शेतात याला अर्थ आहे. हरभऱ्याचा वर आलेला कोंब कशाने खुडला गेला, तर जमिनीखाली राहिलेल्या भागातून नवा फुटू शकतो. मुगाचं वर आलेलं डोकं दलांसकट गेलं, तर रोप संपलं. बाईंनी मुलांना यातलं निम्मंच सांगितलं. बाकीचं त्यांनी ‘घरी शेतात विचारून या’ म्हणून सोडलं, आणि ते योग्य होतं, कारण त्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी विचारायला शेत आहे.

शनिवारी एक आकडा अडला. शुक्रवारपर्यंत खोड भराभर वाढत होतं आणि शनिवारी वाढ कमी भरली. मुलांना वाटलं, पाणी कमी पडलं. कारण कागदावरच होतं. इतर दिवशी नोंद पावणेअकराला होत होती, पण शनिवारी सकाळची शाळा, म्हणून नोंद आठला झाली. मधले जवळजवळ तीन तास कमी मिळाले होते. त्यानंतर सोमवारच्या नोंदीत दोन दिवसांहून जास्त वाढ एकदम आली. वार आणि तारीख सगळ्याच वह्यांमध्ये असतात, वेळेचा रकाना क्वचित असतो. तो का हवा, हे शनिवारमुळे मुलांना न सांगता कळलं.

पुढच्या सोमवारी काळी टोपी कायमची काढली. या एका बाटलीसाठी बाईंनी निराळी तयारी केली होती, कारण आकडे इथे चुकीच्या उत्तराकडे नेतात. उजेडातल्या मुगांची खोडं साधारण नऊ सेंटिमीटर होती, अंधारातल्यांची पंधराच्या आसपास. फक्त उंची नोंदवणारा वर्ग इथे बेधडक निष्कर्ष काढतो: अंधारात झाड जास्त चांगलं वाढतं. बऱ्याच मुलांनी तसं लिहिलंही. बाईंनी मग नोंदीत दोन रकाने वाढवले, रंग आणि पानाचा आकार, आणि सगळ्यांना पुन्हा बघायला लावलं. अंधारातली खोडं पांढुरकी, बारीक, एका बाजूला कललेली. पानं पिवळी आणि मिटलेली. बीमध्ये साठवलेलं अन्न दोन्हीकडे सारखंच होतं. अंधारातल्या रोपाने ते उजेड गाठण्यासाठी उंचीवरच खर्च केलं, पान आणि जाडी यांना काही उरलं नाही.

“आमचा घट पण असाच पिवळा येतो,” चौथीतली एक मुलगी म्हणाली. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य देवघराच्या कोपऱ्यात उगवतं आणि दसऱ्यापर्यंत लांब, पिवळसर तुरे येतात. हे सगळ्या मुलांनी पाहिलेलं होतं. घट उंच आला म्हणजे चांगला आला, असंच घरी म्हणतात. देवघरात उजेड कमी असतो एवढं एक कारण मुलांना मिळालं. बाईंनी श्रद्धेला कुठेही धक्का लावला नाही, फक्त येत्या नवरात्रात कोणाचा घट खिडकीजवळ आहे आणि कोणाचा आत, याची नोंद करायला सांगितली.

पाण्याचा प्रश्न या आठवड्यात त्यांनी मुद्दाम घेतला नाही. एनसीईआरटीच्या पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या जुन्या पुस्तकात तीन वाट्यांचा प्रयोग होता: एका वाटीत पाण्यात बुडालेले हरभरे, दुसरीत ओल्या कापडातले, तिसरीत कोरडे. चांगला प्रयोग आहे, पण तो स्वतंत्र करावा. त्यात एक अडचण शिक्षकाला आधी माहीत असायला हवी. बुडालेल्या दाण्यांपैकी काहींना बारीकसा मोड येतोच, कारण वाटीभर पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. ‘पाण्यात उगवत नाही’ असं उत्तर आधीच फळ्यावर लिहून ठेवलं असेल, तर मूल तो मोड नोंदवत नाही. तिथे विचारायला हवं ते असं, की तो मोड पुढे वाढला का. तो थांबतो, आणि पाण्याला वास सुटतो.

शेवटच्या तासाला सहा गटांचे आकडे फळ्यावर आले. मोडावर आलेले मूग दहापैकी किती: पहिला गट ८, मग १०, ९, ६, ९, ९. तिसऱ्या गटाचा ९ त्या गणंगामुळे, गुरुवारी तो ८ होता. चौथ्या गटाची मुलं सहाचा आकडा पाहून हिरमुसली. त्यांनी पाणी कमी घातलं असेल, हात घाण असतील, असं दुसऱ्या गटांनी लगेच ठरवलं. पाण्याची नोंद पाहिली तर ती इतरांसारखीच होती. मूग त्याच पिशवीतले. मग बाईंनी सगळ्या बाटल्या मिळून मोजायला लावलं: साठपैकी एक्कावन्न, म्हणजे शंभराला पंचाऐंशी. पिशवीतले न उगवणारे दाणे सहा गटांत सारखे वाटले जात नाहीत, कोणाच्या वाट्याला चार येतात, कोणाच्या एकही नाही. दहा दाण्यांवरून पिशवीबद्दल बोलता येत नाही, आणि गटाच्या हातांबद्दल तर नाहीच.

एका मुलाने तेव्हा सांगितलं की त्याच्या घरी उन्हाळ्यात गोणपाटात सोयाबीन मोजतात. घरचं बियाणं पेरण्याआधी ही चाचणी करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. शंभरपैकी सत्तर उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी आले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवायचं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या, तेव्हापासून या गुंडाळीकडे जास्त लक्ष जाऊ लागलं. बियाण्याच्या प्रयोगशाळा तर नमुन्यातले चारशे दाणे लावतात, शंभराचे चार भाग करून. दहा, साठ, शंभर, चारशे ही चढण मुलांना मी समजावली असती, तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. चौथ्या गटाला मात्र ती मनापासून हवी होती.

आठवडा संपला तरी बाटल्या तशाच ठेवून चालत नाहीत. मुगाची दलं एव्हाना सुरकुततात, फडक्यात रोपाला खायला काही नसतं, आणि मुळं तळाच्या पाण्यात पोचून कुजायला लागतात. म्हणून त्याच दुपारी फडकं बाजूला न ओढता, ओलं करून, रोपं एकेक सोडवली आणि शाळेच्या कुंपणालगत बोटभर खोल लावली. हे मोड कोणी खायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून होता, आणि रोप हाताळून झालं की साबणाने हात धुणंही. काळ्या टोपीतली रोपं जमिनीत न लावता टेबलावरच खिडकीत ठेवली. उजेडात पिवळी पानं दिवस-दोन दिवसांत हिरवी होतात, पण लांबलेलं खोड काही आखूड होत नाही आणि ते बारीकच राहिल्याने रोप आडवं पडतं. मंगळवारचा कागद बाईंनी त्यासाठीच जादा छापून ठेवला होता. त्यावर तीनच रकाने होते: वेळ, पानाचा रंग, आणि रोप उभं आहे की काडी लावावी लागली.